स्टेबलकॉईनचा सप्लाय वाढतोय आणि बिटकॉईन पडतोय, मग 'फ्रेश पैसा' मोजायचा कसा?

कळंब्याचा_करण

मंडळी नमस्कार. लै दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. प्रत्येक यूट्यूबवाला सांगतो की स्टेबलकॉईनचा एकूण सप्लाय वाढला की समजायचं बाजारात नवा पैसा आला, कारण टेदर कंपनीचं एक यूएसडीटी, म्हणजे एका डॉलरला बांधलेलं नाणं, बाहेर पडायला कुणीतरी एक डॉलर आत ठेवावा लागतो. हे ऐकायला पटतं. पण २०२५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकूण सप्लाय ३०० बिलियनच्या वर गेला, त्याच आठवड्यात बिटकॉईन सव्वा लाख डॉलरच्या वर, सगळे खूश. नंतर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बिटकॉईन ८० हजारांच्या घरात आला आणि सप्लाय? जिथल्या तिथं, ३०० च्या आसपासच. एक तृतीयांश किंमत गेली आणि पैसा मात्र बाहेर गेलाच नाही असं कसं ओ? की हे मोजमापच बोगस आहे? मी एक्सेलमध्ये शीट करायला घेतलीय, पण कुठला आकडा धरायचा तेच कळंना.

नाद_खुळा_ट्रेडर

भावा सोपं आहे, एवढा विचार करायचाच नाही. पैसा आतच आहे, बाहेर गेला नाही म्हणजे खालच्या भावाला उचलायला बसलेत सगळे. मी टेलिग्रामवर अलर्ट लावलाय, १ बिलियन यूएसडीटी मिंट झालं, म्हणजे नवीन तयार झालं, की मोबाईल वाजतो. परवाच वाजला. पुढच्या महिन्यात बघ नुसता नाद.

गुजरीकर

करणराव, सप्लाय वाढतोय म्हणता तर मग आम्हाला यूएसडीटी महाग का मिळतंय? गुगलवर डॉलरचा भाव बघतो एक आणि पीटूपीवर, म्हणजे माणसाकडनं थेट घेताना, समोरचा मागतो त्याच्या वर तीन-चार रुपये. माल वाढला की भाव उतरायला पाहिजे, आमच्या चांदीत तरी असंच असतं. आणि मी रुपये देऊन यूएसडीटी घेतलं म्हणजे तो सप्लाय माझ्यामुळं वाढला का? असला तर सांगा, निदान घरात सांगायला बरं. कुठलं ॲप स्वस्त आहे तेपण सांगा.

शीतल_राजारामपुरी

गुजरीकर, तुमच्यामुळं नाही वाढला. तुम्ही पीटूपीवर ज्याच्याकडून घेतलं त्याच्या वॉलेटमधून तुमच्या वॉलेटमध्ये आलं, एवढंच. रुपया त्याच्या खात्यात गेला, टेदर कंपनीला याचा पत्तासुद्धा नाही. नवीन यूएसडीटी काढून घ्यायचं तर कंपनीकडं थेट खातं लागतं, तपासणी होते आणि कमीत कमी एक लाख डॉलर एका वेळी भरावे लागतात. ते काम मोठे ट्रेडिंग डेस्क आणि एक्स्चेंजवाले करतात, आपण नाही. तुम्हाला जे तीन-चार रुपये जास्त पडतात ते इकडं डॉलर आत आणायला सरळ रस्ता नाही म्हणून, त्यात १ टक्का टीडीएसची भानगड. तो प्रीमियम आपल्याकडची मागणी सांगतो, जगातला सप्लाय नाही. ॲपचं मी सांगत नाही, त्याला वेगळा धागा आहे.

आता करणचा प्रश्न. मोजमाप बोगस नाही पण ढोबळ आहे, आणि लोक त्यातला सगळ्यात चुकीचा तुकडा उचलतात. नाद खुळा यांचा अलर्ट हा तोच तुकडा.

नाद_खुळा_ट्रेडर

ताई अलर्ट चुकीचा कसा? ब्लॉकचेनवर दिसतंय की डोळ्यानं, १ बिलियन आकडा, खोटं आहे का ते?

शीतल_राजारामपुरी

खोटं नाही, पण तो आकडा छापखान्यातला आहे, बाजारातला नाही. टेदर आधी मोठा लॉट तयार करून स्वतःच्याच तिजोरीच्या वॉलेटमध्ये ठेवतं. त्यांचा प्रमुख पाओलो आर्दोइनो स्वतः कितीदा ट्वीट करून सांगतो की हा स्टॉक भरून ठेवलाय, ऑथराइज्ड आहे पण इश्यू झालेला नाही. गिऱ्हाईक डॉलर भरेल तसं त्यातलं बाहेर पडतं, कधी दोन दिवसात, कधी कितीतरी आठवड्यांनी. टेदरच्या ट्रान्स्परन्सी पानावर प्रत्येक चेनसमोर किती ऑथराइज्ड आणि त्यातलं किती अजून इश्यू न झालेलं असे रकाने आहेत, तुमचा अलर्ट वाजला की ते पान उघडून बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे चेन स्वॅप. समजा एका एक्स्चेंजकडं ट्रॉन या चेनवर ५०० मिलियन यूएसडीटी पडून आहेत आणि त्यांना ते इथेरियम या दुसऱ्या चेनवर पाहिजेत. ते टेदरला ट्रॉनवरचे देतात, टेदर त्यांना इथेरियमवर तेवढेच देतं. इथेरियमवर बघणाऱ्याला वाटतं ५०० मिलियन नवा पैसा आला. एक डॉलरही आला नाही. म्हणून एका चेनचं वाढलेलं बघून नाचायचं नाही, सगळ्या चेन मिळून, तिजोरीतलं वजा करून, महिन्याभरात निव्वळ किती फरक पडला ते बघायचं. मिंट एकटं नाही, मिंट वजा बर्न, म्हणजे नवीन काढलेलं वजा परत घेऊन नष्ट केलेलं.

फौंड्रीवाले_काका

शीतल म्हणती ते बरोबर. पण मी जरा वेगळं मांडतो. मी चार-पाच वर्षं हे बघतोय, शिरोलीत आमचं एक्स्पोर्टचं काम असल्यामुळं डॉलरकडं लक्ष असतंच. माझ्या मते स्टेबलकॉईन म्हणजे दारूगोळा. बिटकॉईनची एकूण किंमत भागिले स्टेबलकॉईनचा सप्लाय असा एक रेशो काढतात, एसएसआर म्हणतात त्याला. तो रेशो खाली आला म्हणजे बिटकॉईनच्या मानानं दारूगोळा जास्त, म्हणजे बाजार वर जायला तयार. आत्ता बिटकॉईन पडला आणि सप्लाय तसाच, म्हणजे रेशो आपोआप खाली आला. त्यामुळं करण, घाबरायचं कारण नाही, गोळा भरलेला हाय, फक्त उडवायचा बाकी हाय.

शंकेखोर_सदा

काका, गोळा उडाला की संपतो. मी तुमच्याकडून बिटकॉईन घेतला आणि यूएसडीटी दिले, तर यूएसडीटी संपले का? तुमच्या खिशात गेले. सप्लाय तेवढाच. मग बिटकॉईन ४० हजारावरून सव्वा लाखाला गेला तरी एक यूएसडीटी खर्च होत नाही आणि परत ८० ला आला तरी एक परत येत नाही. म्हणजे सप्लाय बघून किंमत सांगणं हा निव्वळ बाजार उठवायचा धंदा. आणि मुळात टेदर हवेतनं छापतंय हे सगळ्यांना माहिती आहे, त्यावर कोण बोलत नाही.

शीतल_राजारामपुरी

सदा, पहिलं अर्धं एकदम बरोबर आणि करणच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ज्यांनी विकलं त्यांच्या हातात बिटकॉईनऐवजी स्टेबलकॉईन आले आणि ते तसेच ठेवून बसले. कंपनीकडं जाऊन डॉलर परत मागितले तरच सप्लाय घटतो. त्यामुळं किंमत पडणं आणि पैसा बाहेर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १० ऑक्टोबरला तर एका दिवसात १९ बिलियन डॉलरच्या आसपास उधारीवरच्या पोझिशन्स उडाल्या, किंमत त्यानं पडली.

हवेतनं छापण्याचं म्हणाल तर जुना इतिहास खराब आहेच. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी १८.५ मिलियनला प्रकरण मिटवलं, नंतर त्याच वर्षी सीएफटीसी या अमेरिकन नियामकानी ४१ मिलियनचा दंड लावला, कारण प्रत्येक टोकनमागं पूर्ण वेळ डॉलर आहेत हा दावा काही काळ खरा नव्हता. पण २०२२ च्या मे महिन्यात टेरा प्रोजेक्टचं यूएसटी हे स्टेबलकॉईन कोसळलं तेव्हा लोक टेदरच्या दारात आले आणि त्या महिन्यात १० बिलियनच्या आसपास परत दिले गेले, एकूण यूएसडीटी ८३ चं ७३ झालं. सगळं हवेतलं असतं तर तिथंच फुटलं असतं.

कळंब्याचा_करण

ताई मग काकांचा रेशो खाली आला त्याचा अर्थ काय घ्यायचा? भाजक हलला नाही, भाज्य पडला. ही काय माहिती झाली? बिटकॉईन पडला हेच परत सांगितलं की त्यानं.

फौंड्रीवाले_काका

अरे पण इतिहासात चाललंय ना ते. २०२० ला बघ, वर्षाच्या सुरुवातीला यूएसडीटी ४ बिलियन होतं, वर्षाअखेर २१, आणि २०२१ संपताना ७८. बिटकॉईन त्याच काळात कुठनं कुठं गेला. हे काय योगायोगानं?

शीतल_राजारामपुरी

काका, २०२०-२१ ला चाललं हे खरं, पण का चाललं ते बघायला पाहिजे. त्या वेळी परदेशी एक्स्चेंजवर आत शिरायचं मुख्य दार स्टेबलकॉईनच होतं आणि अमेरिकेत व्याज शून्याला टेकलेलं. यूएसडीटीवर व्याज मिळत नाही, पण बँकेतही मिळत नव्हतं, मग ठेवायला काय जातंय? म्हणून जो पैसा आला तो याच दारानं आला आणि आतच राहिला.

आता तुमचंच मोजमाप २०२३ ला लावून बघूया, मी तो काळ जवळून बघितलाय, पुण्यात ट्रेझरीचं काम करत होते तेव्हा. १३ फेब्रुवारी २०२३ ला न्यूयॉर्कच्या नियामकानं पॅक्सोस कंपनीला सांगितलं की बायनान्स एक्स्चेंजच्या नावाचं बीयूएसडी हे स्टेबलकॉईन नवीन काढायचं बंद करा. तेव्हा बीयूएसडी १६ बिलियनच्या आसपास, सर्कल कंपनीचं यूएसडीसी ४१, यूएसडीटी ६८. मग १० मार्चला सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली आणि सर्कलनं सांगितलं की यूएसडीसीच्या राखीव पैशातले ३.३ बिलियन तिथं अडकलेत. शनिवारी यूएसडीसी ८८ सेंटच्या आसपास. रविवारी अमेरिकन सरकारनं ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील असं जाहीर केलं, भाव परत एका डॉलरला, पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच.

मार्चअखेर काय दिसलं? यूएसडीटी ७९ च्या पुढं. ज्यांनी फक्त यूएसडीटीचा आलेख बघितला ते म्हणाले ११ बिलियन फ्रेश पैसा आला बाजारात! आणि बघा, बिटकॉईनपण २२ हजारावरून २८ हजाराला गेला, सिद्ध झालं. पण यूएसडीसी ४१ चं ३३ झालेलं आणि बीयूएसडी १६ चं साडेसात. बेरीज करा. ११ आले, ८ गेले, आणखी साडेआठ गेले. तिघांचं मिळून साडेपाच बिलियन कमी झाले. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला आणि जाताना थोडा घराबाहेरही गेला. आणि तरी बिटकॉईन २५-३० टक्के वर.

नाद_खुळा_ट्रेडर

थांबा थांबा. पैसा बाहेर गेला आणि किंमत वाढली? मग वाढवली कुणी?

शीतल_राजारामपुरी

जो शेवटचा सौदा होतो त्यानं किंमत ठरते, आत किती पैसा पडलाय त्यानं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स एक्स्चेंज बुडाल्यावर ज्यांना विकायचं होतं त्यांनी विकून झालेलं. विकणारा कमी असला की थोडक्या खरेदीवर भाव चढतो. त्यात बँका बुडतायत म्हटल्यावर काही लोकांना बँकेबाहेरची वस्तू पाहिजे झाली. आणि हे मार्चपुरतं नव्हतं, जानेवारी ते ऑक्टोबर २०२३ एकूण सप्लाय साधारण १३८ वरून १२४ च्या आसपास उतरला आणि बिटकॉईन साडेसोळा हजारावरून २७ ला. नऊ-दहा महिने उलटं.

त्यामागं मोठं कारण व्याजाचं. २०२२ च्या मार्चपर्यंत फेडचा दर शून्य ते पाव टक्का, २०२३ च्या जुलैला सव्वापाच ते साडेपाच. १० कोटी डॉलर यूएसडीसीत ठेवणाऱ्या फंडाला वर्षाला ५० लाख डॉलरवर पाणी सोडावं लागत होतं, ते व्याज सर्कल आणि टेदर खाणार. फंडांनी स्टेबलकॉईन मोडले आणि सरळ ट्रेझरी बिलं घेतली. क्रिप्टोबद्दल मत बदललं म्हणून नाही, गणित बदललं म्हणून.

पंचगंगा_काठ

मी आत्तापर्यंत नुसता वाचत होतो. पाटबंधाऱ्यात नोकरी झाली माझी म्हणून एक सुचलं. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटाला गेली की इशारा, ४३ ला धोका, सगळं कोल्हापूर तो आकडा बघतं. पण पातळी वाढली म्हणजे पाऊसच वाढला असं नाही, राधानगरीचे दरवाजे उघडले तरी वाढते, पुढं पाणी सरकत नसलं तरी वाढते. आकडा खरा असतो, कारण मात्र वेगवेगळं. तुमचं हे तसलंच दिसतंय. क्रिप्टोतलं मला काही कळत नाही, चूक असलं तर सोडून द्या.

फौंड्रीवाले_काका

साहेब चूक कशाला, लाख बोललात. पण मग शीतल, पुढं पाणी सरकत नाही म्हणजे आत्ताची परिस्थिती का? पैसा आत येऊन नुसता तुंबलाय?

शीतल_राजारामपुरी

तिकडंच येत होते. करण, तू म्हणालास सप्लाय जिथल्या तिथं. तो एकूण आकडा आहे, आतलं फोडून बघ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला यूएसडीटी साधारण १७७, नोव्हेंबरअखेर १८४ च्या आसपास. यूएसडीसी ७५-७६, जवळपास स्थिर. आणि इथेना नावाच्या प्रोटोकॉलचं यूएसडीई १४ बिलियनच्या वर होतं ते निम्म्यावर आलं. म्हणजे एकूण आकडा सपाट दिसला कारण एका बाजूला ७ आले आणि दुसऱ्या बाजूला ७ गेले.

पण हे दोन ७ सारखे नाहीत. यूएसडीटी वाढतं तेव्हा कुणीतरी कंपनीला डॉलर दिलेले असतात. यूएसडीई तयार होतं तेव्हा आत क्रिप्टो किंवा दुसरे स्टेबलकॉईन ठेवतात आणि क्रिप्टो असेल तेवढ्याच रकमेचं फ्युचर्समध्ये शॉर्ट करतात, म्हणजे भाव पडेल यावर पैज लावतात. भाव चढेल यावर पैज लावणारे लाँगवाले हौसेनं पैसे देतायत तोवर त्याला चांगलं व्याज सुटतं आणि लोक ते बनवतात, ती हौस संपली की मोडतात. त्याचं वाढणं हे बाजारात उधारी किती तापलीय त्याचं माप आहे. बँकेतून नवा डॉलर आला याचं नाही.

शंकेखोर_सदा

हे पटलं. म्हणजे २०२२ च्या यूएसटीचंपण तेच की. १८ बिलियन यूएसटी एकूण सप्लायमध्ये धरलेलं, ते टेराचंच लुना हे दुसरं नाणं जाळून तयार केलेलं, त्यात कुणाचे डॉलर होते? मे मध्ये आठवड्यात ते उडालं आणि आलेख खाली आला, सगळे म्हणाले १८ बिलियन बाहेर पडले. कुठं बाहेर पडले, होतेच कुठं?

शीतल_राजारामपुरी

बरोबर. म्हणून ज्यांच्यामागं खरा डॉलर किंवा ट्रेझरी बिल आहे तेवढेच धरायचे आणि बाकीचे वेगळ्या रकान्यात.

नाद_खुळा_ट्रेडर

म्हणजे ताई हिशोबानं ऑक्टोबर-नोव्हेंबरला ७ बिलियन खरे डॉलर आत आले आणि बिटकॉईन एक तृतीयांश पडला. हे तर आणखीनच वाईट झालं, मी म्हणत होतो तेच बरं होतं :)

शीतल_राजारामपुरी

आले, पण बिटकॉईन घ्यायलाच आले हे कुणी सांगितलं? यूएसडीटीचा मोठा हिस्सा ट्रॉनवर आहे आणि त्यातलं बरंचसं ट्रेडिंगचं नाहीच. तुर्कस्तान, अर्जेंटिना, नायजेरियात लोक स्वतःचं चलन घसरतंय म्हणून यूएसडीटीत बचत ठेवतात, व्यापारी माल मागवताना त्यात पैसे चुकते करतात. आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत स्टेबलकॉईनसाठीचा जीनियस ॲक्ट झाल्यावर पेमेंटवाल्या कंपन्यापण यात उतरल्यात. हा सगळा सप्लाय वाढतो पण एक्स्चेंजच्या दारात कधी येत नाही.

गुजरीकर

हे मात्र खरं आहे. आमच्या मेव्हण्याचा मुलगा दुबईत आहे, त्याच्या कंपनीत निम्म्या पोरांना बिटकॉईन काय ते माहीत नाही पण यूएसडीटी सगळ्यांकडं. तिकडून घरी पाठवतात, इकडं कुणीतरी रुपये देतो. आमच्यापण खात्यात एकदा असे आले आणि बँकेनं खातंच गोठवलं, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची तक्रार म्हणे. दोन महिने हेलपाटे. म्हणून तर विचारत होतो कुठलं ॲप बरं.

मॉडरेटर_कट्टा

गुजरीकर, पीटूपी आणि खातं गोठवण्याबद्दल वेगळा धागा पिन केलेला आहे, तिकडं लिहा. दुबईतून असे पैसे मागवणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीनं अडचणीचं ठरू शकतं, इथं उघड लिहू नका ही विनंती.

फौंड्रीवाले_काका

गुजरीकरांचं बोलणं धाग्याच्या विषयाचंच आहे ओ. दुबईतल्या पोरानं पगारातनं यूएसडीटी घेतलं म्हणजे सप्लायला मागणी झाली, बिटकॉईनला नाही.

बरं मग माझा दारूगोळा म्हणजे एक्स्चेंजवर पडलेलाच स्टेबलकॉईन धरायचा का? तो आकडा मिळतो.

शीतल_राजारामपुरी

एकूण सप्लायपेक्षा तो बरा, पण डोळे झाकून नको. एक्स्चेंजचं वॉलेट कुठलं हे डेटावाले अंदाजानं ठरवतात, एक्स्चेंजनं पत्ते बदलले की एका रात्रीत आकडा उडी मारतो. आणि तिथला बराच पैसा फ्युचर्सचं मार्जिन म्हणून अडकलेला असतो, खरेदीसाठी मोकळा नसतो.

आणि दुसरं दार विसरू नका. जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत बिटकॉईनचे स्पॉट ईटीएफ आहेत. पेन्शन फंडानं किंवा कुणा डॉक्टरनं ब्रोकरकडून ईटीएफ घेतला तर डॉलर सरळ फंडात जातात आणि फंड बिटकॉईन घेतो, मधे यूएसडीटी कुठंच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या दारातून साडेतीन बिलियनच्या आसपास बाहेर गेले. स्टेबलकॉईनच्या आलेखात त्याची रेघसुद्धा उमटत नाही. २०२० ला एकच दार होतं म्हणून त्याच्यावर नजर ठेवून चालत होतं.

कळंब्याचा_करण

ठीक आहे, मग मी शीट अशी करतोय बघा. फक्त डॉलरवाले स्टेबलकॉईन, रोजचा आकडा घेऊन ३० दिवसांपूर्वीच्या आकड्यातून फरक, आणि तो टक्क्यात, कारण ५ बिलियनवर १ वाढणं आणि ३०० वर १ वाढणं एक नाही. शेजारी ईटीएफचा ३० दिवसांचा निव्वळ आकडा. यूएसडीई वगैरे तिसऱ्या रकान्यात, उधारीचं माप म्हणून. दोन्ही दारं एका दिशेला असली तरच 'पैसा येतोय' लिहायचं, उलटसुलट असली तर रकाना कोरा.

शंकेखोर_सदा

करण चांगलं आहे पण एक सांग, सप्लाय आधी वाढतो आणि किंमत मागनं का किंमत आधी आणि सप्लाय मागनं? मला तर वाटतं किंमत वाढली की लोकांना हाव सुटते आणि मग डॉलर घेऊन येतात. तसं असलं तर तुझी शीट म्हणजे निकाल लागल्यावर पेपर तपासायचा.

नाद_खुळा_ट्रेडर

आधी सप्लाय. टेदर मिंट करतं तेव्हा पंप होतो हे २०१७ पासनं सगळे बघतायत, त्यावर प्राध्यापकांनी पेपरपण लिहिलाय.

शीतल_राजारामपुरी

ग्रिफिन आणि शम्स यांचा. त्यांचं म्हणणं होतं की २०१७ च्या तेजीत टेदरचा वापर किंमत सावरायला झाला. पण दुसऱ्या संशोधकांना टेदरच्या इश्यूमुळं किंमत फुगते असं काही सापडलं नाही, यूएसडीटीचा भाव डॉलरच्या वर गेला की कमावायला लोक नवीन काढून घेतात असं त्यांचं. मला दुसरं जास्त पटतं कारण डेस्कवर मी तेच होताना बघितलं, भाव १.००२ झाला की लगेच फोन. पण म्हणजे सदाची शंका खरी ठरते, मागणी आधी आणि सप्लाय मागनं. किती मागनं, यावर माझ्याकडं ठाम उत्तर नाही. कधी तासांत, कधी आठवड्यांत.

फौंड्रीवाले_काका

मला अजून वाटतं रेशोत काहीतरी दम आहे, २०२२ च्या तळाला तो लै खाली होता. राहूदे, माझं माझ्यापाशी.

करण, अजून एक. टेदर तारण घेऊन कर्जपण देतं, यूएसडीटीतच. ते धरलंस का? कर्ज दिलं म्हणजे सप्लाय वाढला पण समोरच्यानं डॉलर कुठं भरले?

शीतल_राजारामपुरी

काका हा मुद्दा भारी काढलात. टेदरच्या रिपोर्टमध्ये सिक्युअर्ड लोन म्हणून एक ओळ असते, तेवढा सप्लाय खऱ्या डॉलरनं आलेला नाही. पण रिपोर्ट तिमाहीला येतो आणि करणची शीट रोजची, त्यामुळं वजा करायचं तर तीन-तीन महिने जुन्या आकड्यानं करावं लागेल. मी एकूणच्या मानानं लहान म्हणून सोडून देते, तुम्ही वजा करत असाल तर तेही बरोबर.

कळंब्याचा_करण

शीट मागं नेऊन २०२३ वर चालवली. ११ मार्चला एका दिवसात पाच बिलियनच्या वर खड्डा दिसतोय आणि दोन दिवसात तो परत भरतोय. एवढे पैसे शनिवारी बाहेर जाऊन सोमवारी परत आले? शनिवारी तर बँका बंद.

शीतल_राजारामपुरी

तू मार्केट कॅपचा रकाना घेतलास. यूएसडीसीचे टोकन तेवढेच होते, भाव ८८ सेंट झाला म्हणून गुणाकार खाली आला. टोकनची संख्या घे, किंमत लावू नको. बऱ्याच साइटवर दोन्ही असतात आणि डाउनलोड करताना मार्केट कॅपच पुढं येतो.

शंकेखोर_सदा

त्या दिवशी डीएआय नावाचा स्टेबलकॉईनपण घसरला होता ना? तो तर वेगळ्याच लोकांचा.

शीतल_राजारामपुरी

घसरला, कारण डीएआयच्या तारणात तेव्हा निम्म्याहून जास्त यूएसडीसीच होतं. करण, तू डीएआय डॉलरवाल्यांच्या रकान्यात ठेवलायस का? ठेवला असशील तर तोच डॉलर दोनदा मोजला जातोय, एकदा यूएसडीसी म्हणून, एकदा त्यावर काढलेला डीएआय म्हणून.

कळंब्याचा_करण

ठेवलाय. काढतो. मग यूएसडीईच्या तारणातपण दुसरे स्टेबलकॉईन असतात म्हणालात, तिसऱ्या रकान्यातपण तेच होणार की. ते किती असतात ते रोजच्या रोज कुठं मिळतं का बघतो आणि टाकतो इथं.